सर्दीची गोळी आणि बनगावचे पिंप

आजाऱ्याला भेटायला जाताना आपण शहाळी, मोसंबी घेऊन जातो आणि हल्ली त्यासोबत एक सल्लाही देऊन येतो: ‘व्हिटॅमिन सी सुरू कर.’ करोनाच्या काळात तर चघळायच्या नारिंगी गोळ्यांची पाकिटं घराघरांत साठवली गेली. या सल्ल्याचा माग काढत गेलं की आपण एका फार मोठ्या माणसापाशी पोचतो.

लायनस पॉलिंग. 1954 सालचं रसायनशास्त्राचं आणि 1962 सालचं शांततेचं, अशी दोन नोबेल पारितोषिकं मिळवलेला शास्त्रज्ञ. 1966 साली आयर्विन स्टोन नावाच्या रसायनतज्ज्ञाने त्यांना पत्र लिहून रोज तीन ग्रॅम क जीवनसत्त्व घेण्याचा सल्ला दिला. पॉलिंगना तो पटला. बहुतेक सस्तन प्राणी हे जीवनसत्त्व आपल्या यकृतातच तयार करतात; माणूस ती क्षमता उत्क्रांतीच्या वाटेवर गमावून बसला आहे. मग जे प्राणी ते बनवतात त्यांच्या वजनाच्या हिशेबाने माणसालाही दिवसाला काही ग्रॅम लागत असणार, असं त्यांनी मांडलं. त्या हिशेबाने स्कर्व्ही टाळण्यापुरती ठरवलेली मिलिग्रॅमची मात्रा फारच अपुरी ठरत होती. 1970 मध्ये त्यांचं सर्दीवरचं पुस्तक आलं आणि अमेरिकेत या गोळ्यांची झुंबड उडाली.

तर्क देखणा होता, पण पुरावा तोकडा होता. पॉलिंगनी ज्या प्रयोगावर सर्वाधिक भिस्त ठेवली, तो स्वित्झर्लंडमधल्या मुलांच्या स्कीइंग शिबिरातला होता. बर्फातल्या त्या मुलांपैकी रोज एक ग्रॅम घेणाऱ्यांना सर्दी कमी झाली, हे खरं. पुढे अनेक दशकांच्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा सर्दी होण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलेलं दिसलं ते फक्त मॅरेथॉन धावणारे, बर्फावर स्कीइंग करणारे आणि कडाक्याच्या थंडीत सराव करणारे सैनिक यांच्यात. बाकीच्यांना सर्दी तितकीच झाली. वर्षभर नेमाने गोळी घेणाऱ्या प्रौढांचं दुखणं सुमारे आठ टक्क्यांनी आटोपतं झालं, म्हणजे आठवडाभराच्या सर्दीत जेमतेम अर्धा दिवस. आणि नाक वाहायला लागल्यावर गोळ्या सुरू केल्या, तर खात्रीने सांगता येईल असा उपयोग दिसला नाही. आपण मात्र नेमकं तेव्हाच त्या सुरू करतो.

मधल्या काळातली एक चाचणी मला फार बोलकी वाटते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या कर्मचाऱ्यांपैकी काहीजणांना क जीवनसत्त्वाच्या, तर काहींना लॅक्टोज भरलेल्या कॅप्सूल दिल्या होत्या. अनेकांनी कॅप्सूल उघडून पूड जिभेवर ठेवून पाहिली. आंबट की गोडसर, एवढ्यावरून त्यांना आपल्या वाट्याला काय आलं ते कळलं. 1975 मध्ये निष्कर्ष छापले गेले. ज्यांनी ओळखलं होतं त्यांच्यात फरक दिसत होता. ज्यांना पत्ता नव्हता त्यांच्यात तो उरत नव्हता.

मोठी मात्रा का लागू पडत नाही, याचं उत्तर 1996 मध्ये मार्क लिव्हाइन आणि सहकाऱ्यांनी दिलं. सात निरोगी तरुणांना मोजून मापून वेगवेगळ्या मात्रा देऊन त्यांनी रक्त आणि लघवी तपासली. संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी रोजच्या 100 मिलिग्रॅमलाच भरून गेल्या होत्या. 200 मिलिग्रॅमचा एक डोस आतड्यातून जवळजवळ पूर्ण शोषला जातो. 500 च्या पुढे शोषण घटत जातं आणि जे शोषलं जातं त्यातला बहुतांश भाग लघवीवाटे निघून जातो. म्हणजे दिवसभरात एक-एक ग्रॅमच्या चार गोळ्या घेणारा माणूस पेशींना जादा काही देतच नाही. एक मध्यम पेरू खाल्ला तरी या पेशींची गरज भागते. उलट दिवसाला दोन ग्रॅमच्या पुढे जुलाब होऊ शकतात, आणि ज्यांना मुतखड्याची प्रवृत्ती आहे त्यांना ऑक्सलेटच्या खड्यांचा धोका वाढतो. जुलाबाने आधीच पाणी गमावणाऱ्या आजाऱ्याला अशी गोळी देणं हे उघड नुकसान आहे.

पॉलिंगचं पुस्तक आलं त्याच्या पुढच्याच वर्षी, आपल्या अगदी जवळ, दुसरी एक कल्पना कसाला लागत होती. 1971 मध्ये पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. डॉ. दिलीप महालनबीस तिथे पोचले तेव्हा रुग्णांना जमिनीवर पसरून ठेवलं होतं आणि शिरेतून देण्याचं सलाइन संपत आलं होतं. त्यांनी एक लिटर पाण्याला 22 ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम खायचा सोडा असं मिश्रण कलकत्त्यात पाकिटांत भरून घेतलं, छावणीत ते पिंपात कालवलं आणि पेल्याने पाजण्याचं काम नातेवाइकांवर सोपवलं. त्यांच्या देखरेखीखालच्या रुग्णांत मृत्यूचं प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून चार टक्क्यांखाली आलं.

या उपायाची मदार अधिक प्रमाणावर नव्हती, ती अचूक प्रमाणावर होती. आतड्यातला एक वाहक सोडियम आणि ग्लुकोज जोडीनेच आत घेतो आणि त्यांच्यामागे पाणी खेचलं जातं; कॉलऱ्यातही हा वाहक शाबूत असतो. साखर जास्त झाली तर उलटंच घडतं, पाणी आतड्याकडे ओढलं जाऊन जुलाब वाढतात. म्हणून जुलाबात पॅकेटचा रस किंवा ग्लुकोजची नुसती पावडर नको. शहाळं चांगलंच, पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी. जोराच्या जुलाबात त्यावर भिस्त ठेवू नये. ओआरएसचं पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. साध्या तापात एवढंही लागत नाही. पाणी, ताक, पेज पुरते. लघवी फिकट आणि चार-सहा तासांनी होत असेल तर गाडी रुळावर आहे असं समजावं. गडद, थोडी आणि क्वचित होऊ लागली, उभं राहताच चक्कर येऊ लागली, तर पाणी कमी पडतं आहे. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णाने मात्र ‘भरपूर पाणी पी’ हा सल्ला डॉक्टरांना विचारूनच ऐकावा.

खाण्याचा विचारही असाच वळणं घेत आला. ताप आला की उपास, हा समज युरोपात होता तसा आपल्याकडेही. मुदतीच्या तापात आठवडेच्या आठवडे पातळ पाण्यावर ठेवलेली माणसं अस्थिपंजर होऊन जात. ताप अंशभर सेल्सिअसने वाढला की शरीराचा ऊर्जाखर्च साधारण दहा ते तेरा टक्क्यांनी चढतो आणि बाहेरून अन्न आलं नाही तर स्नायू झिजतात, हे मोजलं गेल्यावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डॉक्टर टायफॉइडच्या रुग्णाला पोटभर खाऊ घालू लागले. तरीही पहिले एक-दोन दिवस भूक मेलेली असताना बळजबरी करण्यात अर्थ नसतो. मऊ भात, मेतकूट, तूप, मुगाचं वरण, चालत असेल तर अंडं. थोडं थोडं, वरचेवर. वरणाची आणि अंड्याची खरी गरज ताप उतरल्यावरच्या आठवड्यात असते, कारण झिजलेलं तेव्हा भरून निघतं. ‘बरा झाला’ म्हणून आपण लक्ष काढून घेतो ते नेमकं तेव्हाच.

झोपेबद्दल नेमकं काय सिद्ध झालं आहे ते जपून सांगायला हवं. अमेरिकेत शेल्डन कोहेन यांच्या 2009 च्या प्रयोगात 153 निरोगी लोकांच्या नाकात सर्दीचे विषाणू सोडले. सात तासांहून कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता आठ तास किंवा जास्त झोपणाऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट होती. हा पुरावा आजारी पडण्याबद्दलचा आहे. जास्त झोपलं की दुखणं लवकर संपतं असं त्यातून सिद्ध होत नाही. पण आजारात अंगाला झोप हवीशी वाटते ती संसर्गाशी लढताना शरीरात सुटणाऱ्या रसायनांमुळे, आणि तिच्या आड न येणं आपल्या हातात असतं. खोकल्याने झोपमोड होत असेल तर झोपण्यापूर्वी चमचाभर मध उपयोगी पडतो, पण वर्षाच्या आतल्या बाळाला मध कधीच देऊ नये. भेटायला येणाऱ्यांनी दुपारी दोन ते चार टाळावं, आणि मोसंबीची पिशवी दारातच देऊन परतावं.