जिन्यातल्या दिव्याचा न्यूट्रल



तुझा फोन आला तेव्हा मी कामावर होतो, म्हणून लिहितोय. इकडे प्रवरेला आवर्तन सुटलंय, तुझी मामी बरी आहे. तू पाठवलेला घराच्या वायरिंगचा नकाशा पाहिला. फेज छान काढलीस: मीटर, मेन स्विच, डीबी, तिथून दिव्यांना 6 अँपिअरची एमसीबी, पॉवरच्या प्लगांना 16 ची. पण राजा, न्यूट्रल कुठेच नाही. एका रेघेच्या नकाशात तो दिसत नाही आणि माणूस तिथेच फसतो.

अकोले रोडवरच्या एका दुमजली घरातलं सांगतो. खाली एक आरसीसीबी, वर दुसरी. जिन्यातला दिवा लावला की कधी खालची पडे, कधी वरची. मालक म्हणे, दिवा खराब आहे. दिवा बदलला, तरी तेच. टू-वे स्विचची फेज खालच्या डीबीवरून आलेली. दोन स्विचांमधल्या दोन तारा, मग वरच्या स्विचवरून दिवा, सगळं बरोबर. पण दिवा वर, म्हणून कुणी तरी न्यूट्रल जवळच्या वरच्या बोर्डातून उचललेला. आरसीसीबी गेलेला आणि परत आलेला करंट ताडून पाहते. इथे खालून गेलेला वरच्याकडून परतत होता. 9 वॅटचा दिवासुद्धा 230 व्होल्टला साधारण 39 मिलिअँपिअर घेतो आणि आरसीसीबी 30 लाच पडायला हवी.

शोधायचं असं: मेन बंद, दोन्ही आरसीसीबी बंद. होल्डरवरचा न्यूट्रल सोडवून मल्टिमीटरने तो कुठल्या न्यूट्रल पट्टीशी जुळतो ते पाहा. आम्ही खालच्या डीबीवरून काळी तार फेजच्याच पाइपातून नेली, तेव्हा ते थांबलं.

आता माझी खरी काळजी ऐक. अशा घरात तू वरची एमसीबी, अगदी आरसीसीबीही बंद केलीस आणि जिन्यातला स्विच चालू राहिला, तर वरच्या बोर्डातला सोडवलेला न्यूट्रल दिव्यातून आलेल्या फेजने जिवंत असतो. काळी तार म्हणून हात घालशील. खालची आरसीसीबी वाचवेल, असं धरून चालू नकोस. एका हातात फेज, दुसऱ्यात तिचाच न्यूट्रल आला तर तिला काहीच कळत नाही. एमसीबी तर तारेला जपते, तुला नाही.

म्हणून बोर्ड उघडण्याआधी पूर्ण घराचा मेन बंद कर आणि न्यूट्रलवरही टेस्टर लाव. टेस्टर आधी चालू जागी तपासून घे. कामावर तुझे उस्ताद घाई करतील, तरी हे सोडू नकोस.

जेवण वेळेवर कर. नकाशा पुन्हा काढ, प्रत्येक सर्किटचा न्यूट्रल काळ्या पेन्सिलीने त्याच्याच डीबीपर्यंत ने आणि मला पाठव.

तुझा मामा
संगमनेर