पायऱ्या नेमक्या किती?

चित्रपटगृहाच्या व्यवस्थापकाला ई-मेल लिहिणं हे काही फार मोठं काम नाही. आईला एक मराठी चित्रपट बघायचा आहे, तिचं वय 79, गुडघे दुखतात, दोन्ही कानांना यंत्रं आहेत. बिनपायऱ्यांची सीट मिळेल का आणि मथळ्यांसह म्हणजे कॅप्शन असलेला एखादा खेळ आहे का, एवढं विचारायचं. पण लिहायला बसलं की पहिल्याच वाक्याला अडायला होतं. 'आपणांस थोडा त्रास देत आहे' असं लिहायचं, की 'कृपया खालील माहिती कळवावी' असं? पहिल्या वाक्यात आपण मेहरबानी मागतो. दुसऱ्यात आपण गिऱ्हाईक आहोत आणि तिकिटाच्या पैशात काय मिळणार ते विचारतो आहोत. दोन्ही वाक्यं सभ्यच आहेत, पण आई कोण आहे याबद्दलची त्यांची समजूत वेगळी आहे.

मी दुसरं वाक्य लिहिलं. उत्तर दोन दिवसांत आलं आणि ते मनापासून लिहिलेलं होतं: 'आमच्याकडे व्हीलचेअर आहे, आमची मुलं आजींना हात धरून नेतील, काळजी करू नका. सबटायटलचं मात्र आमच्या हातात नसतं.' यात उद्धटपणा कुठेच नाही. तरीही मी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर यात नाही. मी विचारलं होतं की पायऱ्या किती आहेत. त्यांनी सांगितलं की पायऱ्यांवर मदत मिळेल. या दोन गोष्टींमधलं अंतर हाच या लेखाचा विषय आहे.

आधी पायऱ्यांचंच बघू. मल्टिप्लेक्समध्ये लिफ्ट असते, त्यामुळे 'आमचं थिएटर बिनपायऱ्यांचं आहे' असं सांगणारा माणूस खोटं बोलत नसतो. लिफ्ट पडद्याच्या दारापर्यंत नेते. खऱ्या पायऱ्या दाराच्या आत सुरू होतात, कारण तिथल्या रांगा एकावर एक चढत जातात. अंधारातल्या, आखूड-रुंद आणि बहुधा कठडा नसलेल्या पायऱ्या. आत जायचं दार खाली, पडद्याजवळ असेल तर बिनपायऱ्यांची जागा सगळ्यात पुढची, जिथे मान वर करून तीन तास बसावं लागतं. दार मधल्या उंचीवर उघडत असेल तर त्याच पातळीवरची रांग सापडते आणि ती उत्तम असते. तिकीट काढताना फोनवर दिसणारा सीटचा नकाशा सपाट असतो. त्यात पडदा कुठे ते दिसतं, दार कुठे ते दिसत नाही, उंची तर नाहीच. आणखी एक गोष्ट विचारायची राहून जाते, ती म्हणजे बाहेर पडायची वाट. खेळ संपला की प्रेक्षकांना आत आलेल्या दाराने न सोडता मागच्या दाराने जिन्यावर काढून देतात. आत सपाट गेलेली व्यक्ती बाहेर येताना दोन मजले उतरते.

म्हणून प्रश्न असा लिहावा लागतो: प्रवेशदारापासून कोणत्या रांगेपर्यंत एकही पायरी नाही? त्या रांगेत शेजारी-शेजारी दोन सीट मिळतील का? खेळ संपल्यावर आलो त्याच दाराने आणि लिफ्टने परत जाता येईल का? स्वच्छतागृहाच्या वाटेवर पायरी आहे का? ही चार उत्तरं द्यायला खर्च शून्य आहे. एकदा कुणीतरी पडद्यापर्यंत चालत जाऊन मोजायचं, बस.

मग 'मुलं हात धरून नेतील' यात काय बिघडलं? बिघडलं हे, की मदत त्या दिवशी ड्यूटीवर असलेल्या मुलाच्या स्वभावावर अवलंबून असते आणि पायऱ्यांची संख्या कुणाच्याच स्वभावावर अवलंबून नसते. मदत घेणाऱ्याला आभार मानावे लागतात, मध्यंतरात पुन्हा हाक मारायची की नाही याचा विचार करावा लागतो, आणि लोकांच्या नजरेसमोरून जावं लागतं. माहिती मिळालेला माणूस आपलं आपण ठरवतो. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसांना हात देण्याची रीत चांगली आहे आणि ती जावी असं कुणीच म्हणणार नाही. पण हात देण्याची तयारी आहे म्हणून वाट सांगायचं टाळणं, यात चांगुलपणाच आड येतो.

कानांचा प्रश्न याहून अवघड आहे, कारण तिथे मदतीचा हातही पोचत नाही. वयाबरोबर येणाऱ्या बहिरेपणात आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात. 'स', 'श', 'फ', 'थ' अशी व्यंजनं विरतात आणि स्वर शिल्लक राहतात. म्हणजे कुणीतरी बोलतंय हे ऐकू येतं, काय बोलतंय ते कळत नाही. 'थिएटरमध्ये तर आवाज केवढा मोठा असतो!' हे म्हणूनच उत्तर नव्हे. मोठ्या आवाजाने पार्श्वसंगीतही मोठं होतं, आणि अशा कानांना ठरावीक पातळीपुढचा आवाज एकदम टोचू लागतो. श्रवणयंत्रं जवळून समोरासमोर बोलणाऱ्या माणसासाठी जुळवलेली असतात, मोठ्या सभागृहातल्या चहूबाजूंच्या ध्वनीसाठी नव्हे. आई यंत्रं काढून पर्समध्ये ठेवते, ते यामुळे.

तिला वाचायला मिळालं तर चित्रपट कळतो. आता पुण्या-मुंबईत बरेच मराठी चित्रपट सबटायटलसह लागतात, पण ती इंग्रजी असतात. ती मराठी न येणाऱ्यासाठी आहेत. जिची भाषा मराठी आहे आणि जिला फक्त ऐकू कमी येतं, ती मराठी माध्यमात शिकलेली बाई त्यांच्यासमोर दोनदा परकी ठरते. तिला हव्यात मराठी संवादांच्या मराठी ओळी, कोण बोलतंय ते, आणि 'बाहेर गाडी थांबल्याचा आवाज' यासारखी नोंद. सबटायटल आणि कॅप्शन यांत हा फरक आहे. ई-मेलमध्ये तो स्पष्ट केला नाही तर 'हो, सबटायटल आहेत' असं प्रामाणिक पण निरुपयोगी उत्तर येतं.

'आमच्या हातात नसतं' हे व्यवस्थापकाचं म्हणणं अर्धं खरं आहे. चित्रपट हल्ली डिजिटल फाइलींच्या संचातून येतो आणि त्यात कॅप्शनचा भाग असेल किंवा नसेल, हे निर्माता आणि वितरक ठरवतात. पण आलेल्या संचात काय आहे हे चित्रपटगृहात कळू शकतं. प्रचलित पद्धतीने दिलेल्या फाइलीच्या नावातच भाषा आणि कॅप्शनची खूण असते. `OCAP` म्हणजे पडद्यावर सगळ्यांना दिसणारे मथळे, `CCAP` म्हणजे वेगळ्या उपकरणावर, ज्याला हवे त्यालाच दिसणारे. उत्तराचा उरलेला अर्धा भाग असा असू शकला असता: 'या चित्रपटाच्या संचात मथळे नाहीत, मी वितरकाला विचारतो.' ज्याच्या हातात निर्णय नाही त्याची नैतिक जबाबदारी संपत नाही, ती फक्त आकाराने बदलते. निर्णय घेणाऱ्यापर्यंत प्रश्न पोचवणं एवढी ती उरते. तो प्रश्न कधीच वर पोचला नाही, तर वितरक म्हणत राहणार की मागणीच नाही.

इथे कायद्याचा उल्लेख करावा का? दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 चा आहे. 15 मार्च 2024 रोजी माहिती व प्रसारण मंत्रालयाने चित्रपटगृहांतल्या प्रदर्शनासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. एकाहून अधिक भाषांत प्रमाणित होणाऱ्या चित्रपटांना सहा महिन्यांची आणि इतरांना दोन वर्षांची मुदत दिली. त्याच वर्षी 8 नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात सांगितलं की सुगम्यतेचे नियम नुसते शिफारशीवजा असून चालणार नाहीत, त्यांतला किमान भाग बंधनकारक हवा. म्हणजे 'कृपया' आणि 'आपणांस त्रास' या शब्दांची गरज कायद्याच्या लेखी तरी कमी होत चालली आहे.

पण आईचा ऑडिओग्राम बघा. चार पट्ट्यांवर 35, 45, 60 आणि 70 डेसिबल. सरासरी साडेबावन्न. कायद्याच्या परिशिष्टात 'कमी ऐकू येणारी व्यक्ती' होण्यासाठी दोन्ही कानांत 60 ते 70 डेसिबलची हानी लागते. साडेसात डेसिबलने आई त्या यादीबाहेर राहते. तिला प्रमाणपत्र मिळणार नाही आणि चित्रपटही कळणार नाही. असे कितीतरी आई-वडील घरोघरी आहेत. याच कायद्यात दिव्यांग व्यक्तीची एक व्यापक व्याख्याही आहे. तिच्यानुसार दीर्घकाळची उणीव आणि समोरचा अडथळा यांची गाठ पडते आणि त्यातून माणूस इतरांबरोबरीने सहभागी होऊ शकत नाही. आकडा कान मोजतो, व्याख्या कान आणि सभागृह यांची भेट मोजते. प्रमाणपत्राचा क्रमांक पुरवून सोय मागण्यापेक्षा या दुसऱ्या अर्थाने लिहिणं मला जास्त खरं वाटतं. म्हणून मी कलम उद्धृत केलं नाही. धमकीचा सूर लागला की पत्र व्यवस्थापकाकडून कायदा विभागाकडे जातं आणि पायऱ्या मोजायच्या राहूनच जातात. अर्थात, दोन सभ्य पत्रांना उत्तर आलं नसतं तर तिसऱ्यात कलम घालायला माझी हरकत नव्हती.

एक आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा. पडद्यावर मथळे आले की बाकीच्यांचं लक्ष जातं, विनोद ऐकण्याआधी वाचला जातो. त्यांनी पैसे दिले आहेत. यावर सहज सुचणारा तोडगा म्हणजे आठवड्यातून एक खेळ मथळ्यांसह, बहुधा मंगळवारी सकाळी, जेव्हा सभागृह तसंही रिकामं असतं. तोडगा वाईट नाही आणि मी तोच मागितला. पण त्याची किंमत दिसायला हवी: नातवंडं शाळेत, मुलगा-सून कामावर, आणि आई एकटी. चित्रपट रविवारी सगळ्यांनी मिळून बघायची गोष्ट आहे. वेगळी वेळ ही सुरुवात म्हणून मान्य, मुक्काम म्हणून नाही. शिवाय 'बाकीच्यांना त्रास' हे गृहीतकही तपासायला हवं. बृज कोठारी यांनी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस गुजराती चित्रपटगीतांच्या दूरदर्शन कार्यक्रमात गुजरातीतच ओळी दाखवायला सुरुवात केली, ती नवसाक्षरांना वाचनाचा सराव व्हावा म्हणून. ऐकू येणाऱ्यांसाठीही आपल्याच भाषेतल्या ओळी उपयोगाच्या असू शकतात.

राहतो प्रश्न माझा. आईच्या वतीने लिहायचा अधिकार मला कोणी दिला? मसुदा मी तिला दाखवला. तिने 'माझ्या आईला नीट ऐकू येत नाही' हे वाक्य खोडायला लावलं. म्हणाली, "त्यांना माझे कान कशाला सांगतोस? मराठीत लिहून येतं का, एवढंच विचार." तिचं बरोबर होतं. रांग कुठली आणि ओळी आहेत का, हे कळायला कुणाच्या शरीराचा तपशील लागत नाही. तपशील न देता प्रश्न विचारला की तो एका आजीचा राहत नाही. गुडघ्याला प्लास्टर असलेल्या मुलाचा, बाळाची गाडी ढकलणाऱ्या बाईचाही होतो. आणि उत्तरही एका घरासाठी अपवाद करून देता येत नाही.

दुसऱ्या पत्रात म्हणून शेवटी एक ओळ घातली: पायऱ्यांची आणि मथळ्यांची ही माहिती तिकिटाच्या पानावरच द्यावी, म्हणजे पुढच्या माणसाला विचारावं लागणार नाही. आठवड्याने व्यवस्थापकाने कळवलं की तीन नंबरच्या पडद्याचं दार 'एफ' रांगेच्या पातळीवर आहे, तिथपर्यंत पायरी नाही, आणि मागचा जिना टाळून लिफ्टने सोडायला सांगून ठेवलं आहे. मराठी मथळे त्या चित्रपटाला नाहीत, वितरकाला कळवलं आहे. तिकिटाच्या पानाबद्दल काही लिहिलेलं नव्हतं.