कोऱ्या रकान्यातले गुण

23 मार्च 2020 रोजी होणारा दहावीचा भूगोलाचा पेपर करोनामुळे आधी लांबणीवर पडला आणि मग रद्दच झाला. न झालेल्या पेपरच्या 40 गुणांचं करायचं काय? शून्य धरणं उघड अन्याय होता. म्हणून राज्य मंडळाने बाकीच्या लेखी पेपरांच्या सरासरीवरून भूगोलाचे गुण दिले.

हीच युक्ती सत्राच्या मध्यावर ‘आजचे टक्के’ काढताना लागते. समजा, एका विषयात चाचणीला 20, प्रकल्पाला 10, प्रात्यक्षिकाला 20 आणि सत्रांत लेखी परीक्षेला 50 असा भार आहे. विद्यार्थिनीला चाचणीत 15 आणि प्रकल्पात 9 गुण मिळाले. बाकीचं अजून व्हायचंय. शंभरातले 24 म्हणजे 24 टक्के, असं म्हणणं चूक, कारण त्यात न झालेली परीक्षा शून्य धरली जाते. चाचणीचे 75 टक्के आणि प्रकल्पाचे 90 यांची सरळ सरासरी काढून 82.5 म्हणणंही चूक, कारण चाचणीचा भार दुप्पट आहे. तपासून झालेल्या भागांचा भार 30. म्हणून 24 भागिले 30, म्हणजे 80 टक्के. भार नव्याने वाटला की चाचणीचा दोन तृतीयांश होतो, प्रकल्पाचा एक तृतीयांश. त्यांची बेरीज एक आली नाही, तर हिशेबात कुठेतरी गफलत आहे.

पण या 80 चा अर्थ काय? शेवटीही 80 च राहायचे असतील, तर उरलेल्या 70 पैकी 56 गुण मिळवावे लागतील, आणि 56 म्हणजे 70 चे 80 टक्केच. म्हणजे कोरा रकाना आपण सोडून दिला असं वाटतं, पण खरं तर झालेल्या भागांची सरासरी आपण त्यात गुपचूप भरलेली असते. मंडळाने भूगोलात जे उघडपणे केलं, तेच इथे भागाकार न सांगता करतो. गणितात कच्चा पण भूगोलात पक्का असलेला मुलगा अशा सरासरीत मार खातो. उलट असेल तर त्याला फुकटचा लाभ होतो.

म्हणून दोन गोष्टी सांभाळाव्यात. एक, कोरा रकाना आणि शून्य यांत फरक करावा. गैरहजर राहून मिळालेलं शून्य हा निकाल आहे. त्याचा भार छेदातून वगळला, तर टक्के खोटे फुगतात. दुसरी, छेद किती मोठा आहे ते पाहावं. वरच्या उदाहरणात अंतिम गुण 24 ते 94 यांच्यामध्ये कुठेही जाऊ शकतात. घरी ‘80 टक्के’ सांगणाऱ्या मुलीने ‘पण फक्त तीस गुणांवर’ हेही जोडलं, तरच तो आकडा खरा.