त्रिज्या-गुणोत्तराचा हुकूम

प्रवेश-परीक्षांच्या तयारीची जी पुस्तके आज बाजारात खपतात, त्यांत एक प्रश्न हमखास आढळतो: धन आयनाची त्रिज्या इतकी, ऋण आयनाची तितकी, तर स्फटिकात धन आयनाभोवती शेजारी किती? विद्यार्थ्याने भागाकार करावा, आलेला आकडा ०.२२५ आणि ०.४१४ यांच्या दरम्यान असल्यास चार लिहावेत, ०.७३२ पर्यंत सहा, त्यापुढे आठ, आणि पुढल्या प्रश्नाकडे वळावे, असा शिरस्ता पडून गेला आहे. या कोष्टकाला लिथियम आयोडाइडचा (०.६० भागिले २.१६, म्हणजे ०.२८) फैसला विचारला तर ते चार म्हणते आणि रुबिडियम क्लोराइडचा (०.८२) विचारला तर आठ, प्रत्यक्षात नेहमीच्या परिस्थितीत दोघांचेही शेजारी मिठाप्रमाणे सहा आहेत. असल्या चुका ‘अपवाद’ या सदराखाली जमा करून मोकळे होण्याची जी रीत आहे, ती मला मान्य नाही. कारण नियमाने जे कधी सांगितलेच नव्हते ते त्याच्या तोंडी घालून मग त्यालाच खोटे ठरविण्यातला हा प्रकार आहे.

लांडे, ह्युटिग, माग्नुस, गोल्डश्मिट आणि १९२९ चा पॉलिंग ही नावांची मालिका वाचकांच्या परिचयाची आहे, तिची उजळणी नको. या मंडळींच्या भूमितीत ०.४१४ या आकड्याचा अर्थ अगदी मर्यादित होता. सहा ऋण आयन एकमेकांस टेकून बसले असता त्यांच्यामधील पोकळी जेवढी उरते, तेवढाच धन आयन असेल तर हे गुणोत्तर निघते; त्याहून लहान आयन त्या पोकळीत सैल पडतो. लिथियम आयोडाइडमध्ये नेमके हेच दिसते: दोन आयनांच्या त्रिज्यांची बेरीज २.७६ अँगस्ट्रॉम भरते, पण त्यांच्यातले मोजलेले अंतर ३.०० आहे, म्हणजे अंतर लिथियम ठरवीत नाही, एकमेकांस भिडलेले आयोडाइड ठरवितात. मात्र सैल पडलेल्या आयनाने सहा शेजारी सोडून चारांकडे जावेच, असा निष्कर्ष या भूमितीतून निघत नाही. तो ऊर्जेचा प्रश्न आहे, आणि सर्वत्र गैरसमज होतो तो याच जागी.

हिशेब कठीण नाही. स्फटिकातील सर्व आकर्षणे व अपकर्षणे यांची बेरीज दर्शविणारा माडेलुंग स्थिरांक मिठाच्या रचनेत १.७४८ आणि चार शेजाऱ्यांच्या झिंक ब्लेंड रचनेत १.६३८ आहे, त्याला आयनांमधल्या अंतराने भागले की स्थैर्याचे माप मिळते. ऋण आयनाची त्रिज्या एक धरली तर मिठाच्या रचनेतले अंतर १.४१४ वर अडकते, धन आयन कितीही लहान झाला तरी ते घटत नाही, म्हणून माप १.२३६ वर थांबते. झिंक ब्लेंडमध्ये मात्र अंतर धन आयनाबरोबर आक्रसत जाते, तरी ०.४१४ पाशी त्याचे माप १.१५८ च असते, आणि मिठाशी बरोबरी साधण्यास गुणोत्तर ०.३३ पर्यंत खाली यावे लागते. म्हणजे गोल पूर्णपणे कठीण मानले तरीही खरी सरहद्द ०.४१४ नसून ०.३३ आहे, आणि मधल्या पट्ट्यात, कोष्टक काहीही म्हणो, सहाच सरस ठरतात.

लिथियम आयोडाइड ०.२८ ने त्याही सरहद्दीच्या खाली राहते, अशी शंका कोणी काढील. परंतु ०.२८ हा आकडा पॉलिंगच्या त्रिज्यांवरून आलेला आहे. शॅननने १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या यादीत सहा शेजाऱ्यांमधल्या लिथियमची त्रिज्या ०.७६, आयोडाइडची २.२० आहे, आणि गुणोत्तर ०.३५ होते, ते सरहद्दीच्या वर. त्याच यादीत चार शेजाऱ्यांमधल्या लिथियमची त्रिज्या ०.५९ दिली आहे, ती घेतली की गुणोत्तर पुन्हा खाली घसरते. ज्या उत्तरासाठी भागाकार करावयाचा, ते आधी ठाऊक असल्याशिवाय कोणती त्रिज्या घ्यावी हेच ठरत नाही. परीक्षेतल्या प्रश्नात ती छापून दिलेली असते, म्हणून ही अडचण विद्यार्थ्याला दिसत नाही.

वरच्या टोकाची कथा निराळी आहे. आठ शेजाऱ्यांच्या सीझियम क्लोराइड रचनेचा स्थिरांक १.७६३, म्हणजे मिठाहून जेमतेम एक टक्क्याने अधिक. पण आठांच्या परस्पर अपकर्षणामुळे अंतर तीन-चार टक्क्यांनी वाढते, तेव्हा नफ्याहून तोटाच मोठा. तेव्हा विचारावयाचे ते रुबिडियम क्लोराइड आठांकडे का जात नाही हे नव्हे, सीझियम क्लोराइड का जाते हे. आणि त्याचे उत्तर, मायर यांनी १९३३ मध्ये मांडलेल्या हिशेबाप्रमाणे, मोठ्या व सहज विरूप होणाऱ्या आयनांमधील व्हॅन डर वाल्स आकर्षणात शोधावे लागते, ज्याचा त्रिज्यांच्या भागाकारात कोठे पत्ताच नाही. हा तोल किती नाजूक आहे तेही पाहण्यासारखे आहे: सुमारे पाच हजार वातावरणांच्या दाबाखाली रुबिडियम क्लोराइड आठ शेजाऱ्यांची रचना घेते, आणि सीझियम क्लोराइड सुमारे ४७० अंश सेल्सिअसला तापविले असता आठांची सहा होतात, कोष्टकातला ०.९३ हा आकडा मात्र तसूभरही न हलता.