शेवटच्या नळाचा अहवाल

गावात साथ आली की पहिल्या आठवड्यात माणसांची रीघ लागते. वैद्यकीय पथक, गटविकास अधिकारी, पाणीपुरवठ्याचे अभियंते सगळे येऊन जातात. बैठक होते, उपाययोजनांची यादी ठरते आणि प्रत्येक कामापुढे कुणाचे तरी पद लिहिले जाते. महिन्याने त्याच यादीवर अनुपालन अहवाल मागवला जातो, तेव्हा गावात फारसे कुणी उरलेले नसते. तालुक्याच्या आरोग्य विभागात नोकरी करताना असे अनेक अहवाल माझ्या हातून गेले. त्यातला काविळीच्या साथीचा एक अजून आठवतो, कारण त्यात झाले, रखडले आणि सोडून दिले हे तिन्ही प्रकार शेजारीशेजारी पाहायला मिळाले.

गाव नदीकाठचे होते. विहिरीचे पाणी पन्नास हजार लिटरच्या उंच टाकीत चढवायचे आणि सकाळी तासभर नळाला सोडायचे. खालच्या आळीतली पाइपलाइन एका ठिकाणी गटार ओलांडून जात होती आणि तिथेच ती फुटलेली होती. पाणी चालू असताना फुटक्या जागेतून ते बाहेर जाई. पाणी बंद झाले की पाइप रिकामा होई आणि गटारातले पाणी आत ओढले जाई. त्यात घरोघरी नळाला थेट टिल्लू पंप जोडलेले. ते सुरू झाले की पाणी चालू असतानाही लाइनमधला दाब घसरे. ठरलेल्या उपायांतले चार महत्त्वाचे होते: गळती काढणे, रोज टीसीएल टाकून ओटी चाचणी घेणे, गटारातली लाइन हलवणे आणि टिल्लू पंप काढणे. क्लोरीन वायूचे यंत्र बसवावे, अशीही एक सूचना बैठकीत आली होती.

महिन्याने गेलो तेव्हा सरपंच वैतागलेले होते. ‘साहेब, गळती काढून महिना झाला, तरी काविळीचे पेशंट निघतातच आहेत. मग उपयोग काय झाला?’ प्रश्न रास्त होता. पण हिपॅटायटिस ई शरीरात शिरल्यापासून कावीळ दिसेपर्यंत दोन ते दहा आठवडे जातात. त्या आठवड्यात पिवळा पडलेला माणूस बहुधा गळती निघण्याआधीच ते पाणी प्यायला होता. त्यामुळे महिन्याच्या अहवालात रुग्णसंख्या वाढली म्हणून काम फसले असे ठरत नाही. उलट गॅस्ट्रोच्या साथीत रुग्ण महिन्याभरात आपसूकही ओसरतात, म्हणून आकडा शून्यावर आला तरी काम झाले असे म्हणता येत नाही. काम झाले की नाही, हे कामातच पाहावे लागते.

गळतीपुढे ‘पूर्ण’ लिहिले होते आणि ते खरे होते. पाइपचा तुकडा बदललेला होता. पाणी चालू असताना खड्डा उघडा ठेवून पाहिला, जोड कोरडा होता.

टीसीएलपुढेही ‘पूर्ण’ होते. नोंदवही भरलेली, रोज पाव किलो. हिशेब बरोबर होता: हजार लिटरला पाच ग्रॅम, म्हणजे पन्नास हजारांना अडीचशे. फक्त सगळ्या तारखा एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिल्यासारख्या दिसत होत्या. वही बाजूला ठेवून गोणी वजनाला लावली. पंचवीस किलोच्या गोणीतून तीस दिवसांत साडेसात किलो जायला हवे होते, गेले होते जेमतेम चार किलो. म्हणजे निम्म्याच दिवसांची पावडर टाकीत पडली होती. शिवाय गोणी पंपघरात ओलीला उघडी होती. ओल लागली की पावडरमधला क्लोरीन उडत जातो. ताज्या पावडरमध्ये तो तेहतीस टक्क्यांच्या आसपास असतो. तो निम्म्यावर आला, तर वजन तेच राहून मात्रा निम्मी होते.

मग ओटी घेतली. टाकीखालच्या नळाला नळीतले पाणी छान पिवळे झाले. ग्रामसेवक जलसुरक्षकाकडे वळून म्हणाले, ‘तात्या, दाखवलंत की नाही बरोबर!’ तात्या काही बोलले नाहीत. खालच्या आळीतल्या शेवटच्या नळाला तेच द्रावण टाकले, तर पाण्याला रंग आला नाही. पाणी घरात पोचते तिथे लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असला पाहिजे. वाटेत जितकी घाण भेटते तितका तो खर्च होतो, म्हणून टाकीखालची चाचणी टाकीपुरतीच खरी असते. ‘पूर्ण’ खोडून मी ‘अंशतः’ लिहिले आणि पुढे गोणीचे वजन व शेवटच्या नळाचा निकाल नोंदवला. तात्यांशी नंतर एकटे बोललो तेव्हा कळले, की मानधन थकले होते आणि टाकीच्या शिडीच्या दोन पायऱ्या निखळल्या होत्या. दुरुस्तीच्या यादीत ती शिडी कुणी घातलीच नव्हती. ती नव्याने घातली, मानधनाच्या तारखेसह.

लाइन हलवण्यापुढे ‘प्रगतिपथावर’ होते. विचारल्यावर ग्रामसेवकांनी मासिक सभेचा ठराव दाखवला. अंदाजपत्रक झालेले नव्हते, त्यामुळे तांत्रिक मान्यतेचा प्रश्नच नव्हता. वित्त आयोगाचा पाण्यासाठीचा बंधित निधी शिल्लक होता, पण मान्यतेशिवाय तो खर्च करता येत नाही. असे काम महिन्यात होईल असे कुणी मानलेच नसावे, तरी मुदत मात्र महिन्याची लिहिलेली होती. रखडलेल्या कामापुढे मी तीन गोष्टी लिहायला लावतो: काम नेमके कोणत्या पायरीवर अडले आहे, ती पायरी कुणाच्या हातात आहे आणि ते होईपर्यंत लोकांनी कोणते पाणी प्यायचे. तिसऱ्या प्रश्नाला अहवालात जागाच नव्हती. खालच्या आळीला लाइन हलेपर्यंत टँकरने पाणी, आणि गरोदर बायांच्या घरी आशाताईंनी जाऊन पाणी उकळून पिण्याविषयी सांगायचे, असे आम्ही तिथे लिहिले. हिपॅटायटिस ई सर्वांत घातक ठरतो तो गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत.

सोडून दिलेली कामे दोन. वायूयंत्राची सूचना अभियंत्यांनी लेखी कारण देऊन रद्द केली होती: सिलिंडर हाताळायला प्रशिक्षित माणूस लागतो, तो गावात नाही, आणि एवढ्या टाकीला टीसीएल पुरते. ही सोडचिठ्ठी मला आवडली. काय सोडले, का सोडले आणि त्याऐवजी काय, हे तिथे स्पष्ट होते. टिल्लू पंपांचे काम मात्र नव्या यादीतून गायबच झाले होते. जुनी यादी शेजारी ठेवली तेव्हाच ते लक्षात आले. कारण गावात कुणीही सांगितले असते: पंप सदस्यांच्या घरीही होते आणि निवडणूक जवळ होती. पंप बंद झाले नाहीत, तर उंचावरच्या घरांना पाणी मिळत नाही म्हणून तिथले लोकही पंप घेतात. एकाने काढून भागत नाही. म्हणून पंप जप्त करण्याऐवजी आळीवार वेळा ठरवून, व्हॉल्व्हने एकेका आळीला पुरेशा दाबाने पाणी सोडायचे, असा पर्याय ठेवला. तो चालेल याची खात्री मला नव्हती आणि अहवालात मी तसेच लिहिले.

वरच्या कार्यालयाला असे अहवाल रुचत नाहीत. ‘पूर्ण’ची संख्या घटलेली असते आणि नवी कामे वाढलेली असतात. पण अहवाल तपासायचा झाला तर माझी एकच रीत आहे. पहिल्या बैठकीची मूळ यादी घ्यायची आणि तिच्यातल्या प्रत्येक ओळीचा क्रमांक नव्या अहवालात सापडतो का ते पाहायचे. ज्या क्रमांकाचे काहीच लिहिलेले नाही, पुढची भेट तिथून सुरू करायची.