तो हात कुणाचा?

30 सप्टेंबर 1993. पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला, त्याचा हादरा आमच्या इंझोरीलाही जाणवला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन पाहून आम्ही पोरं उशिरा झोपलो होतो. फळीवरची जर्मनची भांडी खणखणली, अम्मीने कलमा पढायला सुरुवात केली आणि भाईजानने आमचं मनगट धरून आम्हाला अंगणात ओढत नेलं. त्या हाताची पकड आजही जाणवते. ही हकीकत आम्ही घरात, लग्नकार्यात, मित्रांत किती वेळा सांगितली असेल, मोजदाद नाही.

अब्बांच्या इंतकालानंतर त्यांची लोखंडी पेटी उघडली, तेव्हा तीत भाईजानचं एक पोस्टकार्ड सापडलं. पत्ता होता मु. पो. इंझोरी, जि. अकोला. वाशीम जिल्हा 1 जुलै 1998 ला झाला, त्याआधी आम्ही अकोल्याचेच. कार्डावर तारीख 2 ऑक्टोबर 1993, अक्षर भाईजानचं आणि शिक्का अमरावतीचा. मजकूर असा, की होस्टेलची सगळी मुलं त्या पहाटे मैदानात पळाली, आपण सर्व खैरियतीने आहात ना, लगेच कळवा.

म्हणजे भाईजान त्या रात्री घरी नव्हताच! मग मनगट कुणी धरलं? बहुधा बडे अब्बांनी. पण खरी गंमत पुढेच आहे. भाईजानला कार्ड दाखवण्यापूर्वी आम्ही सहज विचारलं, तर तोही म्हणाला, ‘हो, मीच तर ओढलं होतं तुला.’ इतक्या वर्षांत आमच्या तोंडून ऐकून ऐकून ती आठवण त्याचीही झाली होती. दोघांपैकी कुणीही खोटं बोलत नव्हतं.

आठवण ही पेटीत ठेवलेल्या पोस्टकार्डासारखी असते, असं आपण धरून चालतो. काढली की जशीच्या तशी. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी 1932 साली दाखवून दिलं, की आठवणं म्हणजे दर वेळी नव्याने रचणं. काही तुकडे खरोखरच उरलेले असतात. मधल्या जागा मन आपल्या समजुतीने, नंतर ऐकलेल्या-पाहिलेल्या गोष्टींनी भरून काढतं, आणि भरलेला भाग मूळ भागाइतकाच लख्ख दिसतो. संकटात हात धरणारा मोठा भाऊच असणार, हे आमच्या मनाने परस्पर ठरवून टाकलं.

घरात अशी चूक झाली तर फार तर हसू होतं. कोर्टात झाली तर काय होतं, हे आपल्या मुंबईतच पाहा. 11 जुलै 2006 रोजी पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले आणि 189 माणसं गेली. 2015 साली विशेष न्यायालयाने पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप सुनावली. 21 जुलै 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्या बाराही जणांची शिक्षा रद्द केली. त्यांतला एक तोवर तुरुंगातच मरण पावला होता. तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने या निकालाचा दाखला इतर खटल्यांत देण्यास स्थगिती दिली, मात्र सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात धाडलं नाही.

निकालात कबुलीजबाबांचा आणि जप्त मालाचा प्रश्नही आहे. आम्ही इथे फक्त टॅक्सीवाल्यांच्या साक्षीबद्दल बोलतो. आरोपींना आपण चर्चगेट स्टेशनवर सोडलं, असं त्यांनी सांगितलं. पण स्फोटानंतर शंभरहून अधिक दिवस ते गप्प होते, आणि न्यायालयात ओळख पटवेपर्यंत सुमारे चार वर्षं उलटली होती. दिवसाकाठी कितीतरी भाडी मारणाऱ्या माणसाला मागच्या सीटवरचा एक अनोळखी चेहरा इतका काळ का लक्षात राहावा? तसं काही विशेष कारण न्यायालयाला दिसलं नाही. तुरुंगात घेतलेली ओळख परेडही बाद ठरली, कारण ती घेणाऱ्या अधिकाऱ्याला तसा अधिकारच नव्हता.

आपल्या मोहल्ल्यात या निकालावर एकच वाक्य ऐकू आलं, ‘गवाह झूठे थे.’ असतीलही. पण आम्हाला त्याहून अवघड शक्यता छळते. साक्षीदार अगदी प्रामाणिक असला, शपथेला घाबरणारा असला, तरीही तो चुकीच्या माणसाकडे बोट दाखवू शकतो.

अमेरिकेतलं एक प्रकरण याचा पक्का पुरावा आहे. 1984 साली नॉर्थ कॅरोलिनात जेनिफर थॉम्पसन या विद्यार्थिनीवर बलात्कार झाला. हल्ला होत असतानाच तिने त्या माणसाचा चेहरा निश्चयाने लक्षात ठेवला. पोलिसांनी फोटो मांडले, तेव्हा बराच वेळ विचार करून तिने रोनाल्ड कॉटनचा फोटो निवडला. मग रांगेतही तोच निवडला. फोटोतलाच माणूस तू ओळखलास, असं पोलिसांनी तिला सांगितलं. आता तिच्या मनात शंकेला जागा उरली नाही. पुढे दुसऱ्या खटल्यात खरा गुन्हेगार बॉबी पूल तिच्यासमोर उभा केला, तर ती म्हणाली, याला मी कधी पाहिलेलंच नाही. तिच्या आठवणीतला चेहरा तोवर कॉटनचा झाला होता. दहा वर्षांहून अधिक कैद भोगल्यावर 1995 साली डीएनए चाचणीने कॉटन सुटला.

‘बरोबर ओळखलंत’ या दोन शब्दांत काय ताकद असते, हे गॅरी वेल्स आणि एमी ब्रॅडफील्ड यांनी 1998 साली तपासलं. त्यांनी दाखवलेल्या फोटोंत खरा गुन्हेगार नव्हताच, म्हणजे निवड करणारा प्रत्येक जण चुकलेला. तरी ज्यांना शाबासकी मिळाली, ते सांगू लागले की आम्हाला सुरुवातीपासूनच खात्री होती, चेहरा नीट दिसला होता, आमचं लक्षही पूर्ण होतं. खात्री वाढलीच, शिवाय ती वाढली याची आठवणही पुसली गेली. उलटतपासणीत वकील विचारतो, ‘नक्की हाच का?’ साक्षीदार मनापासून ‘नक्की’ म्हणतो. त्या ‘नक्की’ला फारसा अर्थ नसतो.

याचा अर्थ खात्री नेहमीच फोल असते, असा नाही. पहिल्याच वेळी, घटनेनंतर लवकर, कुणी सूचना दिली नसताना साक्षीदार जे बोलतो, त्या वेळची त्याची खात्री पुष्कळ काही सांगते. तेव्हा चाचरला असेल तर तेही सांगते. म्हणून ओळख परेडचे नियम आहेत. संशयित एक असेल तर त्याच्यासारखे दिसणारे निदान सहा जण रांगेत हवेत, पोलीस तिथे नकोत, आणि साक्षीदाराने संशयिताचा फोटो आधी पाहिलेला नसावा. वर्तमानपत्रात तोंड छापून आलं असेल, तर साक्षीदार टॅक्सीतला चेहरा ओळखतो की पेपरातला, हे त्याचं त्यालाही कळत नाही.

आपल्या मुहद्दिसांना हा फरक फार पूर्वी उमगला होता. रावीची पारख ते दोन बाजूंनी करत. एक अदालत, म्हणजे माणूस नेक आणि सच्चा आहे का. दुसरी ज़ब्त, म्हणजे ऐकलेलं त्याने जसंच्या तसं जपलं आहे का. पहिलीत उत्तीर्ण झालेला दुसरीत नापास होऊ शकत असे. अता इब्न अस-साइब यांची सच्चाई मान्य होती, पण उतारवयात त्यांच्या आठवणींत सरमिसळ होऊ लागली. मग कुणी त्यांच्याकडून आधी ऐकलं आणि कुणी नंतर, हे विद्वानांनी शोधून काढलं आणि आधीच्यांचीच रिवायत बिनधोक घेतली. आमचे एक मित्र म्हणतात, नेक माणसाच्या स्मरणावर शंका घेणं बेअदबी आहे. ही बेअदबी त्या बुजुर्गांनी मोठ्या अदबीने केली होती.

आणि हा निकष आपल्या बाजूच्या साक्षीदारालाही लावावा लागेल. दंगलीत घर जळालेला माणूस शेजारच्या पोराकडे बोट दाखवून ‘हाच होता’ म्हणतो, तेव्हा त्यालाही विचारावं लागेल, पहिल्या दिवशी नाव घेतलं होतं का, उजेड किती होता, त्याआधी कुणाशी बोलणं झालं होतं. हे विचारताना आमची जीभ अडखळते, हेही कबूल करतो.

गेल्या ईदला इंझोरीत सगळे जमलो होतो. भाईजानच्या नातवाने भूकंपाची गोष्ट मागितली. भाईजानने ती रंगवून सांगितली, मनगट धरून ओढल्याची जागा आली तेव्हा आमच्याकडे पाहून हसला. कार्ड त्यानेही वाचलेलं आहे. आणि खरं सांगायचं, तर तो सांगत असताना आम्हालाही हात त्याचाच दिसत होता.