शेवटचा परिपाठ

मुलांनो, निवृत्तीपूर्वीचा माझा हा शेवटचा परिपाठ. आज मौनाच्या वेळी मी थोडं बोलणार आहे. तुम्ही डोळे मिटा, पाठ ताठ ठेवा आणि फक्त ऐका.

आत्ताच आपण संविधानाची उद्देशिका म्हटली. न्याय, स्वातंत्र्य, समानता या शब्दांना तुमचा आवाज चढतो. 'बंधुता' येईपर्यंत मात्र दम संपलेला असतो. आज त्याच शब्दापाशी जरा थांबू या.

साताऱ्याची एक शाळा मनात आणा. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तिथल्या पटावर भीमराव हे नाव चढलं. हा मुलगा वर्गात कोपऱ्यात, वेगळा बसतो. त्याच्या बसण्याखाली गोणपाटाचा तुकडा आहे. शाळा झाडणारा माणूस त्याला हात लावत नाही, म्हणून मुलगा तो रोज संध्याकाळी घरी नेतो आणि सकाळी परत आणतो. तहान लागली तरी नळाला हात लावायची त्याला परवानगी नाही. शिपाई असला, तर तो नळ सोडतो. शिपाई नसला, तर पाणी नाही.

ते गोणपाट नीट बघा. घाई करू नका.

आता त्याच वर्गात स्वतःला बसवा. नळ चार पावलांवर आहे, तुमचे हात मोकळे आहेत. तुम्ही उठला असतात का? उत्तर मला सांगू नका, स्वतःला द्या.

पुढे हाच मुलगा संविधानाच्या मसुदा समितीचा अध्यक्ष झाला. कलम १७ ने अस्पृश्यता संपवली. तरीही २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी बजावलं की बंधुता नसेल, तर स्वातंत्र्य आणि समता माणसांच्या अंगवळणी पडणार नाहीत. ती टिकवायला शिपाई उभा करावा लागेल. कायदा नळ सगळ्यांना खुला करतो. शेजारी सरकून जागा देणं मात्र आपल्यालाच करावं लागतं.

एक संथ श्वास घ्या. आता आपला वर्ग आठवा. मधल्या सुट्टीत डबा घेऊन एकटं कोण बसतं? कुणाच्या बोलीला आपण हसतो? खेळाचे गट पाडताना कोण शेवटपर्यंत उभं राहतं? एक चेहरा समोर येईल. तो लगेच दूर सारू नका. त्याचं नाव मनात घ्या.

मी तुम्हाला गुणांबद्दल पुष्कळ बोलले, शिस्तीबद्दलही बोलले. त्यातलं काही विसरलात तरी चालेल. पण कुठल्याही वर्गात, कचेरीत, गावात गेलात, तर आधी बघा की इथे वेगळं कोणाला बसवलंय. आणि कुणी सांगायची वाट न बघता उठा.

डोळे उघडा. ज्याचं नाव मनात घेतलंत, त्याच्याजवळ आज डबा उघडा. मला निरोप म्हणून एवढंच द्या.